काटकोन त्रिकोण आहे की नाही? वर्कशीट सोडवताना आणि तपासताना आधी मोठी बाजू शोधा

एका मुलीच्या वहीत हे गणित असं सोडवलेलं होतं. बाजू दिल्या होत्या १७, ८ आणि १५.

१७² + ८² = २८९ + ६४ = ३५३
१५² = २२५
३५३ ≠ २२५, म्हणून हा काटकोन त्रिकोण नाही.

तिन्ही वर्ग बरोबर आहेत. बेरीजही बरोबर आहे. ३५३ आणि २२५ समान नाहीत हेही खरंच आहे. तरी उत्तर चुकलं, कारण ८, १५, १७ हा अगदी नेमका काटकोन त्रिकोण आहे: ६४ + २२५ = २८९. मुलीनं प्रश्नातल्या पहिल्या दोन संख्या उचलल्या, त्यांचे वर्ग मिळवले आणि उरलेल्या तिसऱ्या संख्येला कर्ण मानलं. सर्वांत मोठी बाजू १७ होती आणि ती बेरजेत जाऊन बसली.

सातवी ते दहावीच्या वह्या तपासताना या धड्यात मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक हीच. आकडेमोड चुकली तर ती लगेच सापडते. इथे प्रत्येक ओळ खरी असते, म्हणून तपासणाऱ्याचीही नजर पुढे सरकते. मुलांना हा धडा पहिल्यांदा शिकवायला बसलेल्या पालकांसाठी, ताई-दादांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी मी या एकाच चुकीभोवती सगळं लिहिते आहे.

आधी प्रश्न नीट ओळखा

पायथागोरसचा सिद्धांत सांगतो की त्रिकोण काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. इथे काटकोन आपल्याला आधीच दिलेला असतो आणि बाजू काढायची असते. ‘हा त्रिकोण काटकोन आहे का?’ या प्रश्नात मात्र बाजू दिलेल्या असतात आणि काटकोनच शोधायचा असतो. त्यासाठी सिद्धांताचा व्यत्यास वापरतात: एका बाजूचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असेल, तर त्या बाजूसमोरचा कोन काटकोन असतो. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात शेवटची दोन विधानं हीच आहेत. ४७ वं सिद्धांताचं आणि ४८ वं व्यत्यासाचं.

दहावीत उत्तराच्या शेवटी कंसात कारण लिहावं लागतं. काटकोन आहे की नाही हे ठरवताना तिथे ‘पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास’ असं लिहायचं. नुसतं ‘पायथागोरसचं प्रमेय’ लिहिलं तर जे सिद्ध करायचं आहे तेच आधी गृहीत धरल्यासारखं होतं.

आता अडचण अशी की व्यत्यास ‘एका बाजूचा वर्ग’ म्हणतो. कोणती बाजू, हे आपणच ठरवायचं असतं. आणि ते ठरवायला एक पक्का आधार आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° असते. त्यातला एक ९०° असेल तर उरलेल्या दोघांना मिळून ९०° उरतात, म्हणजे ते दोन्ही ९०° पेक्षा लहानच असणार. म्हणून काटकोन हा त्या त्रिकोणातला सर्वांत मोठा कोन. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू येते, म्हणून काटकोनासमोर फक्त सर्वांत मोठी बाजूच येऊ शकते. १७, ८, १५ मध्ये १५ च्या समोर काटकोन असणं शक्यच नाही, मग ते तपासत बसण्यात काहीच हशील नाही.

गणित मांडायची पद्धत

पहिली पायरी: तिन्ही बाजू एकाच एककात आणा.

दुसरी पायरी: बेरीज करायच्या आधी तिन्ही वर्ग वेगवेगळ्या ओळींत लिहून काढा. बेरजेचं चिन्ह अजून कागदावर येऊ द्यायचं नाही.

तिसरी पायरी: त्या तीन वर्गांतल्या सर्वांत मोठ्या संख्येभोवती गोल करा. ती एकटी राहील.

चौथी पायरी: उरलेल्या दोन वर्गांची बेरीज करा आणि गोल केलेल्या संख्येशी ताडून पाहा. समान आली तर काटकोन त्रिकोण, नाहीतर नाही.

पाचवी पायरी: प्रश्नात शिरोबिंदूंची नावं असतील तर काटकोन कुठे आहे तेही लिहा.

दुसऱ्या पायरीवर माझा फार भर आहे. मुलं घाईत ‘१७² +’ असं लिहून टाकतात आणि एकदा अधिक चिन्ह पडलं की १७ बेरजेत अडकतो. आधी २८९, ६४, २२५ हे तीन वर्ग एकाखाली एक दिसले, तर मोठा कोण हे डोळ्यांनाच कळतं. दहावीच्या गणितात तर याचा आणखी एक उपयोग होतो, तो पुढच्या उदाहरणांत दिसेल.

एक वर्कशीट, उत्तरांसह

प्रश्न १. ९, ४१, ४०.
वर्ग ८१, १६८१, १६००. गोल १६८१ भोवती. ८१ + १६०० = १६८१. काटकोन त्रिकोण आहे. मोठी बाजू मधे बसली आहे एवढंच.

प्रश्न २. △LMN मध्ये LM = ५, MN = १३, LN = १२. काटकोन कोणता?
२५ + १४४ = १६९, म्हणून त्रिकोण काटकोन आहे आणि MN कर्ण आहे. कर्णाच्या नावात जे अक्षर नाही, त्या शिरोबिंदूपाशी काटकोन असतो. MN मध्ये L नाही, म्हणून ∠L = ९०°. आकृती नसताना ही युक्ती फार कामी येते. पुस्तकांतल्या बहुतेक आकृत्यांत काटकोन B पाशी आणि कर्ण AC असतो, त्यामुळे मुलं सवयीनं मधल्या अक्षरापाशी काटकोन ठेवतात आणि इथे ∠M लिहून मोकळी होतात.

प्रश्न ३. १.५ मीटर, २०० सेंटिमीटर, २.५ मीटर.
इथे २०० हा आकडा सर्वांत मोठा दिसतो, म्हणून मुलं २०० सेंटिमीटरला कर्ण करतात. सगळं सेंटिमीटरमध्ये आणलं की १५०, २००, २५० होतं. २२५०० + ४०००० = ६२५००. काटकोन त्रिकोण आहे. ५० नं भागलं तर ३, ४, ५ हेच त्रिकुट समोर येतं.

प्रश्न ४. ५, ३√३, २√१३.
यात पूर्ण संख्या एकच दिसते, ५, आणि तीच मोठी वाटते. ३√३ मधला ३ आणि २√१३ मधला २ तर पाचापेक्षा लहानच आहेत. पण वर्ग करा: ५² = २५, (३√३)² = ९ × ३ = २७, (२√१३)² = ४ × १३ = ५२. म्हणजे मोठी बाजू २√१३ निघाली. २५ + २७ = ५२, त्रिकोण काटकोन आहे. वर्गमूळ आलं की बाजूंची तुलना करूच नका, वर्गांची करा. लांबी धन असते, म्हणून ज्याचा वर्ग मोठा तीच बाजू मोठी. वर्ग करताना बाहेरच्या आकड्याचाही वर्ग करायला विसरू नका. (३√३)² = ३ × ३ = ९ असं लिहिलेलं वारंवार सापडतं.

प्रश्न ५. १२, १२, १७.
वर्ग १४४, १४४, २८९. बेरीज २८८. एका अंकानं हुकलं. काटकोन त्रिकोण नाही.

या प्रश्नावर मुलं हमखास विचारतात, ‘इतकं जवळ आहे, मग चालेल ना?’ वर्कशीटवर चालणार नाही. इथे १७ म्हणजे नेमके १७ असतात आणि २८८ म्हणजे २८९ नव्हे. हा कोन साधारण ९०.२° भरतो, म्हणजे त्रिकोण अगदी किंचित विशालकोन आहे. कोनमापकानं मोजलं तर फरक दिसायचाही नाही, म्हणूनच आकृती मोजून उत्तर द्यायचं नसतं. पण हाच प्रश्न गवंडीकाकांना विचारा. १२ फूट बाय १२ फूट खोलीचा पाया आखताना टेपनं तिरकं माप १७ फूट आलं, तर खरं माप १६.९७ फूट असायला हवं होतं, म्हणजे फरक सुमारे ९ मिलिमीटरचा. सुतळी आणि टेपनं केलेल्या आखणीत एवढा फरक राहू शकतो. मोजलेली लांबी आणि प्रश्नात दिलेली लांबी यांतला हा भेद मुलांना एकदा समजावून सांगावा, नाहीतर ‘जवळपास समान’ हे उत्तर त्यांच्या वहीत कायमचं मुक्काम करतं.

प्रश्न ६. ११, ६, ९. त्रिकोणाचा प्रकारही सांगा.
वर्ग १२१, ३६, ८१. गोल १२१ भोवती. ३६ + ८१ = ११७. समान नाही, म्हणून काटकोन नाही. बेरीज गोलातल्या संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून मोठ्या बाजूसमोरचा कोन ९०° पेक्षा मोठा, त्रिकोण विशालकोन. बेरीज जास्त आली असती तर लघुकोन त्रिकोण झाला असता.

आता हेच गणित चुकीच्या क्रमानं करून पाहा: १२१ + ३६ = १५७ आणि ९² = ८१. ‘समान नाही, काटकोन नाही.’ उत्तर योगायोगानं बरोबर आलं! मूल खूश, तपासणारेही बरोबरची खूण करून पुढे. पण प्रकार विचारला की ‘१५७ मोठे, म्हणून लघुकोन’ असं उलटं उत्तर पडतं. म्हणून ‘नाही’ हे उत्तर जुळलं तरी वरची ओळ वाचायची. मोठा वर्ग बेरजेत दिसला तर त्याला मी पूर्ण गुण देत नाही.

चुकीचं उत्तर वाचायला शिका

या चुकीचा एक स्वभाव आहे आणि तो कळला की तपासणी निम्म्यावर येते. मोठी बाजू बेरजेत गेली तर ती बेरीज एकट्या राहिलेल्या बाजूच्या वर्गापेक्षा नेहमी मोठीच येणार. कारण बेरजेतला एक वर्ग एकट्यानंच त्या बाजूच्या वर्गाइतका किंवा त्याहून मोठा आहे आणि वर आणखी एक वर्ग त्यात मिळवलेला आहे. म्हणजे या चुकीमुळे ‘हो’ हे उत्तर कधीच येऊ शकत नाही. ती फक्त खऱ्या काटकोन त्रिकोणाला ‘नाही’ म्हणवते, नसलेल्याला ‘आहे’ म्हणवत नाही. आकडेमोड बरोबर असेल तर वहीतल्या सगळ्या ‘आहे’ उत्तरांवर विश्वास ठेवा आणि वेळ फक्त ‘नाही’ उत्तरांवर घालवा.

त्या ‘नाही’ उत्तरांतला खरा काटकोन त्रिकोण पुन्हा गणित न मांडताही ओळखता येतो. समान न आलेल्या दोन संख्यांची वजाबाकी करा. सुरुवातीच्या गणितात ३५३ − २२५ = १२८. आता बेरजेत १७ च्या जोडीला कोण होतं? ८, त्याचा वर्ग ६४. आणि १२८ म्हणजे ६४ ची दुप्पट. फरक जोडीदाराच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट आला, तर त्रिकोण काटकोन आहे आणि चूक फक्त जागेची आहे.

याचं कारण सरळ आहे. मोठी बाजू c, तिचा जोडीदार a आणि एकटी राहिलेली बाजू b मानू. त्रिकोण काटकोन असेल तर c² च्या जागी a² + b² लिहिता येतं. मग c² + a² − b² मधले b² निघून जातात आणि उरतात दोन a². उलट बाजूनं, फरक २a² असेल तर c² = a² + b² असणारच. म्हणून ही खूण अपवादाशिवाय चालते. १३² + १२² = ३१३, ५² = २५, फरक २८८, आणि १४४ दुणे २८८. प्रश्न ६ मध्ये मात्र फरक १५७ − ८१ = ७६ आणि ३६ ची दुप्पट ७२. जुळत नाही, तो काटकोन नाहीच.

मुलाला चूक दाखवतानाही या दुपटीचा उपयोग करा. ‘मोठी बाजू बघितली नाहीस’ असं म्हणण्यापेक्षा ‘१२८ कुठून आले असतील?’ असं विचारलं, तर बहुतेक मुलं स्वतःच १७ वर बोट ठेवतात.

मोठी संख्या भलत्या जागी गेल्याचं एक फार जुनं उदाहरण मला मनापासून आवडतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘प्लिम्प्टन ३२२’ नावाची बाबिलोनियातली मातीची पाटी आहे, इसवी सनापूर्वी सुमारे १८०० ची, म्हणजे पायथागोरसच्या हजारभर वर्षं आधीची. तिच्यावर काटकोनी त्रिकुटांतली लहान बाजू आणि कर्ण ओळीनं लिहिले आहेत. तेराव्या ओळीत कर्ण २८९ आहे आणि लहान बाजूच्या रकान्यात आहे २५९२१! लहान बाजू कर्णापेक्षा मोठी असूच शकत नाही, म्हणून चूक तिथेच उघडी पडते. २५९२१ हा १६१ चा वर्ग आहे, आणि १६१, २४०, २८९ हे त्रिकुट जुळतं: २५९२१ + ५७६०० = ८३५२१. लिहिणाऱ्यानं बाजू लिहायच्या जागी तिचा वर्ग लिहिला. आजच्या वह्यांतही हे घडतं, विशेषतः शेवटच्या पायरीवर वर्गमूळ काढायचं राहून जातं तेव्हा.

आकृतीतच मोठी बाजू चुकीच्या जागी असेल तर

वर्कशीटमधल्या काही आकृत्या मुद्दाम चुकवलेल्या असतात, काही छापताना चुकतात. दोन्हींना एकच नियम लावायचा: काटकोनाच्या चौकोनी खुणेसमोरच्या बाजूवर सर्वांत मोठी संख्या आहे का, हे गणित मांडायच्या आधी पाहायचं.

समजा आकृतीत खूण B पाशी आहे आणि AB = १०, BC = २६, AC = २४ लिहिलं आहे. B समोरची बाजू AC, तिच्यावर २४. पण BC वर २६ आहे. असा त्रिकोण काढताच येणार नाही. मग चूक संख्यांत आहे की जागेत, ते पाहा: १०० + ५७६ = ६७६ = २६². म्हणजे संख्या चोख आहेत, फक्त जागा बदलली आहे. दुरुस्ती दोन प्रकारे होते. २४ आणि २६ यांची अदलाबदल करा, किंवा संख्या तशाच ठेवून काटकोनाची खूण A पाशी न्या, कारण BC च्या नावात A नाही. प्रश्नात काय दिलेलं आहे आणि काय विचारलं आहे, त्यावरून यांतली एक निवडायची आणि उत्तरात तसं लिहायचं.

याहून फसवी आकृती म्हणजे एक बाजू काढायला सांगितलेली. काटकोन दाखवलेला, कर्णावर १५, एका बाजूवर १७ आणि तिसरी बाजू x. मूल पद्धतीप्रमाणे लिहितं: x² = १५² − १७² = २२५ − २८९ = −६४. वर्ग ऋण येऊ शकत नाही, पण मुलाला ६४ ओळखीचे वाटतात, ते ऋण चिन्ह गाळून x = ८ लिहितं. आणि उत्तरसूचीतही ८ च छापलेले असतात, कारण प्रश्न तयार करणाऱ्याच्या मनात ८, १५, १७ हेच त्रिकुट होतं. उत्तर जुळलं म्हणून कुणीच मागे वळून आकृती बघत नाही.

बिनचूक आकृतीत कर्ण १७, एक बाजू १५ असते आणि मूल वजाबाकीऐवजी बेरीज करून x = √५१४ काढतं, ही याची दुसरी बाजू. √५१४ म्हणजे २२ पेक्षा जास्त, कर्णापेक्षा मोठी बाजू, तिथेच थांबायला हवं. दोन्ही वेळा शेवटचं उत्तर कर्णाशेजारी ठेवून पाहायचं आणि मधल्या ओळीत ऋण संख्या आली तर चिन्ह न पुसता आकृतीकडे परत जायचं. चुकीच्या आकृतीखाली मुलानं ‘१५ हा कर्ण असू शकत नाही, १७ कर्ण मानून x = ८’ एवढं एक वाक्य लिहिलं, तर मी पूर्ण गुण देते आणि वर्कशीटच्या मूळ प्रतीवर त्या आकृतीत १५ आणि १७ ची अदलाबदल करून ठेवते, म्हणजे पुढच्या झेरॉक्समध्ये ती चूक उतरत नाही.